पाकिटावर सही म्हणजे नक्की कशावर सही?

प्रश्न: माझी मुलगी यंदा बारावीला आहे, सेंटर भांडुपला आलंय. पहिल्याच पेपरला सुपरवायझर मॅडमनी तिला आणि अजून एका मुलाला पुढे बोलावून सीलबंद पाकिटावर सही करायला सांगितली. तिने घाबरून केली, नीट बघितलंही नाही म्हणते. आता घरी येऊन विचारतेय की पप्पा, उद्या काही लफडं झालं तर मला बोलावतील का? ही सही कशासाठी असते, त्यात बघायचं काय असतं, आणि तो पेपर तिथपर्यंत येतो कसा? कोणी आतल्या माणसाने सांगितलं तर बरं होईल.

उत्तर:

मी २६ वर्षं ज्युनियर कॉलेजला गणित शिकवलं, त्यात सुपरवायझर तर दरवर्षीच होते, चार वर्षं रनर म्हणजे सेंटरवर पेपर पोचवणारी होते आणि शेवटची काही वर्षं केंद्रसंचालक म्हणून काम केलं. त्यामुळे ते पाकीट मी जवळजवळ सगळ्या बाजूंनी हाताळलेलं आहे, आतून मात्र उघडायच्या वेळेआधी कधीच बघितलेलं नाही. लेकीला आधी सांगा की घाबरायचं काही कारण नाही. तिने पेपरच्या खरेपणाची हमी दिलेली नाहीये, पाकीट माझ्यासमोर बंद होतं आणि माझ्यासमोर कापलं एवढंच तिने सांगितलंय. पण हे एवढंसं वाक्य का महत्त्वाचं आहे ते कळायला पाकीट मागे मागे जात बघावं लागेल, म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सुरुवात पेपर काढण्यापासून. बोर्डाच्या पेपरला एक प्राश्निक नसतो, विषयाचं पॅनेल असतं आणि एका पेपरसाठी एकापेक्षा जास्त सेट काढून घेतात. आधी संविधान तक्ता समोर ठेवायचा, म्हणजे कुठल्या धड्याला किती गुण, सोपे किती, कठीण किती, मग त्यात प्रश्न बसवायचे, सोबत उत्तरं आणि गुणांची विभागणी पण लिहून द्यायची. घरातलं किंवा नात्यातलं कोणी त्या वर्षी परीक्षेला बसत नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि आपण काढलेला सेट कधी लागणार, लागणार तरी का, हे काढणाऱ्याला कळत नाही. मग मॉडरेटर तो बघतात, भाषांतरं होतात आणि ते सगळं गोपनीय छपाईला जातं. प्रेस कुठली हे शाळा-कॉलेजातल्या माणसाला कळत नाही आणि कळूही नये.

गोपनीयतेची एक किंमत असते ती इथेच सांगते, कारण लोकांना ती दिसत नाही. पेपर जितक्या कमी लोकांनी बघितला तितका तो सुरक्षित, पण तितकेच कमी डोळे चुका पकडायला. २०२३ ला बारावीच्या इंग्रजीच्या पेपरला काय झालं आठवतंय ना? कवितेच्या विभागात दोन ठिकाणी प्रश्नाच्या जागी पेपर तपासणाऱ्याला द्यायची सूचनाच छापून आली आणि एका ठिकाणी तर चक्क उत्तरच. सहा गुणांचा घोळ. म्हणजे प्राश्निकाने मॉडेल आन्सरसाठी लिहिलेला मजकूर प्रश्नाच्या रकान्यात घुसला आणि तो छापून, पाकिटात जाऊन, सील होऊन, अख्ख्या महाराष्ट्रात पोचला, आणि पहिल्यांदा नीट वाचला तो वर्गातल्या पोरांनी. सील चोख होतं, कुठेही फुटला नाही, आणि तरी पेपर चुकला. सील आतल्या मजकुराबद्दल काहीच सांगत नाही, हे त्यातून लक्षात घ्या.

आता वाहतूक. छापलेले पेपर पाकिटात, पाकिटं मोठ्या गठ्ठ्यात, आणि गठ्ठे विभागवार निघतात. आपला मुंबई विभाग म्हणजे मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड, ऑफिस वाशीला. तिथून पुढे ते कस्टडीत येतात, कागदावर तिचं नाव परीरक्षक केंद्र. कस्टडी म्हणजे तुमच्या भागातलीच एखादी शाळा, तिथली एक खोली, कुलूपबंद, पोलिसांच्या पहाऱ्यात, आणि तिच्यावर नेमलेला कस्टोडियन. एका कस्टडीखाली आजूबाजूची बरीच सेंटरं असतात. सगळ्या विषयांची पाकिटं तिथे तारखेप्रमाणे लावून ठेवलेली असतात, आणि खरी काळजी चोरापेक्षा जास्त या लावण्याचीच असते, ते पुढे कळेल.

पेपरच्या दिवशी सकाळी सेंटरवरून रनर कस्टडीत जातो. कागदावर त्याला सहायक परीरक्षक म्हणतात, पण आमच्यात कोणी तसं बोलत नाही, सगळे रनरच म्हणतात. मी रनर होते तेव्हा नऊच्या सुमारास कस्टडीत हजर व्हायचं, ओळखपत्र दाखवायचं, त्या दिवसाची पाकिटं कोड बघून मोजून घ्यायची, रजिस्टरला सही आणि वेळ टाकायची आणि निघायचं. कस्टडी ते सेंटर अडीच किलोमीटर, पण एलबीएस रोडवरचे अडीच किलोमीटर, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मांडीवर पिशवी घेऊन रिक्षात बसायचं आणि घड्याळ बघायचं. रिक्षावाला विचारायचा मॅडम पेपर आहेत काय, मी म्हणायची नाही हो, वह्या आहेत. तिकडे सायन-बांद्र्याच्या पलीकडे रिक्षाच नाही त्यामुळे तिथल्या रनरना टॅक्सी. आता २०२३ पासून बोर्डाने रनरच्या फोनमध्ये जीपीएस चालू ठेवायला लावलंय आणि पाकिटं ताब्यात घेताना आणि सेंटरवर उघडताना व्हिडिओ काढायला लावलाय. सुरुवातीला सगळे कुरकुरले की आमच्यावर विश्वास नाही का. मला विचाराल तर हा रनरच्याच फायद्याचा नियम आहे, कारण पूर्वी रस्त्यातल्या त्या वीस-पंचवीस मिनिटांचा साक्षीदार म्हणजे फक्त रिक्षावाला.

आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं मूळ आहे. पेपर महिनोन्महिने कुठेतरी असतो, पण तो ज्या एका तासात सगळ्यात जास्त उघडा पडतो तो म्हणजे साधारण दहा ते अकरा. कस्टडीतून निघालेला आहे, वर्गात पोचलेला नाही, आणि सेंटरच्या ऑफिसमध्ये दोन-चार माणसांच्या हाताशी आहे. पूर्वी व्हायचं काय, की पाकिटं ऑफिसमध्येच उघडायची, ब्लॉकप्रमाणे पेपर मोजून सुपरवायझरच्या हातात सुटे द्यायचे, आणि पोरांना वाचायला मिळावेत म्हणून अकराच्या दहा मिनिटं आधी वाटायचे. म्हणजे अकराचा पेपर असेल तर ऑफिसमध्ये तो साडेदहाच्या आसपास मोकळा झालेला असायचा. शिपाई, क्लार्क, दोन-तीन शिक्षक आत-बाहेर करतायत आणि टेबलावर पेपरांची चळत. एक फोटो काढायला किती वेळ लागतो?

मार्च २०२२ मध्ये विलेपार्ल्याच्या एका सेंटरवर उशिरा आलेल्या मुलीच्या फोनमध्ये केमिस्ट्रीच्या पेपरचा काही भाग सापडला होता, मालाडच्या एका क्लासवाल्याला अटक झाली. पुढच्याच वर्षी, ३ मार्च २०२३ ला गणिताचा पेपर होता तेव्हा बुलढाण्यात सिंदखेडराजा भागातून पेपरची पानं व्हॉट्सअॅपवर फिरली, विधानसभेत गदारोळ झाला. त्याच पेपरचा काही भाग दादरच्या एका सेंटरवर एका मुलाच्या फोनमध्ये सापडला आणि मुंबई पोलिसांचा तपास थेट अहमदनगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजपर्यंत गेला. या तिन्हींत सारखं काय आहे बघा. आदल्या रात्री नाही, आठ दिवस आधी नाही, त्या दिवशी सकाळी, पेपर सुरू व्हायच्या थोडा आधी. म्हणजे प्रेस नाही, विभागाचं गोदाम नाही. वेळ कळली की टप्पा कळतो, आणि टप्पा कळला की माणसं बोटावर मोजण्याइतकी उरतात.

असे प्रकार रोखायला दोन गोष्टी बदलल्या. एक, २०२३ पासून आधीची ती दहा मिनिटं बंद झाली, पेपर अकरालाच हातात, आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडून २ वाजून १० मिनिटांपर्यंत वेळ. दुसरी, पाकीट ऑफिसमध्ये उघडायचंच नाही. २५ पेपरांचं एक पाकीट, २५ पोरांचा एक ब्लॉक, पाकीट बंदच वर्गात न्यायचं आणि पोरांसमोर कापायचं, त्याआधी दोन पोरांच्या सह्या. तुमच्या लेकीची सही ती ही. त्या सहीमुळे ऑफिस आणि वर्ग यांच्यातला तो मोकळा वेळच पुसला गेला. अमुक वाजेपर्यंत पाकीट अखंड होतं असं सांगणारी दोन माणसं तयार झाली, आणि ती दोघं शाळेच्या पगारावर नाहीत, हे त्यातलं खरं मर्म.

आता एक सकाळ पूर्ण सांगते म्हणजे चित्र येईल. बारावी गणिताचा दिवस, मी केंद्रसंचालक. सायन्सचं गणित कोड ४०, कॉमर्सचं गणित कोड ८८, दोन्ही एकाच दिवशी, एकाच वेळेला. माझ्याकडे ४० ची १५० पोरं म्हणजे सहा ब्लॉक, आणि ८८ ची ६१ म्हणजे तीन ब्लॉक, शेवटच्यात फक्त ११ जण. एकूण नऊ पाकिटं, ४० ची सहा आणि ८८ ची तीन, छापील पेपर २२५. रनर पावणेदहाला पोचला, मी आणि उपकेंद्रसंचालक दोघांनी पाकिटं मोजली, तारीख, वेळ, विषय, कोड एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने यादीवर टिक करायची. हे मी मुद्दाम मोठ्याने वाचायला लावायचे. मनात वाचलं की डोळा जे दिसायला पाहिजे तेच बघतो, समोर आहे ते बघत नाही.

साडेदहाला पोरं वर्गात. उत्तरपत्रिका, बारकोड, आसन क्रमांक हे सगळं चालू. पावणेअकराला सुपरवायझर एकेक करून येतात आणि ब्लॉक नंबर सांगून आपलं पाकीट सही करून घेऊन जातात. इथे घोळ झाला. ब्लॉक ६ आणि ७ एकाच मजल्यावर शेजारी शेजारी, ६ म्हणजे ४० चा शेवटचा आणि ७ म्हणजे ८८ चा पहिला. दोघी सुपरवायझर एकत्रच आल्या, गप्पा मारत, आणि टेबलावरच्या माणसाने दोन पाकिटं एकदम पुढे केली, त्यांनी ज्याला जे हाताशी आलं ते उचललं. माझी चूक ही की मी त्या क्षणी भरारी पथकाच्या फोनवर होते.

ब्लॉक ७ मध्ये मॅडमनी पाकीट वर धरून दाखवलं, पुढच्या बाकावरच्या दोन पोरींनी सह्या केल्या, अगदी तुमच्या लेकीसारख्याच, न बघता. मॅडम कात्री लावणार तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, मॅडम आमचा कोड ८८ आहे ना, त्याच्यावर ४० दिसतंय. त्याला दिसलं कारण हॉल तिकीट समोर होतं आणि त्याने नुकताच त्यावरूनच उत्तरपत्रिकेवर कोड लिहिला होता. १० वाजून ५६ मिनिटं. मॅडमनी कात्री खाली ठेवली, पाकीट तसंच धरून दारात उभ्या राहिल्या आणि शिपायाला माझ्याकडे पळवलं. अगदी बरोबर केलं, वर्ग सोडून स्वतः धावत आल्या नाहीत. मी वर गेले तर ब्लॉक ६ मध्ये ८८ चं पाकीट कात्रीच्या टोकाखाली, अजून कापलेलं नाही. अदलाबदल केली. दोन्ही पाकिटांवर चुकीच्या ब्लॉकच्या पोरांच्या सह्या झालेल्या होत्या, त्या खोडल्या नाहीत, त्यांच्या शेजारी "चुकीच्या ब्लॉकमध्ये गेले, न उघडता परत", वेळ आणि माझी सही, आणि मग बरोबर ब्लॉकच्या दोन पोरांच्या नव्या सह्या. कधीही खोडायचं नाही, खोडलेली सही म्हणजे संशय, आणि शेजारी लिहिलेला शेरा म्हणजे खुलासा. त्या दोन वर्गांना पेपर ११ वाजून २ मिनिटांनी मिळाले, दोन मिनिटं शेवटी दिली आणि तसं रिपोर्टमध्ये लिहिलं.

इथे नशीब हे की दोन्ही पेपर एकाच वेळचे होते. कापलं असतं तरी काही फुटलं नसतं, फक्त हिशेब कोलमडला असता आणि ४० चे २५ पेपर भलत्या वर्गात उघडले असते. खरा काळजाचा ठोका चुकतो तो दहावीला. तिथे गणित भाग १ आणि भाग २ दोन्हींचा कोड ७१ च, बीजगणित आधी आणि भूमिती नंतरच्या एका दिवशी, दोन्ही पाकिटांवर "गणित" लिहिलेलं, आणि कस्टडीत दोन्ही एकाच खोलीत. बीजगणिताच्या दिवशी चुकून भूमितीचं एक पाकीट वर्गात कापलं गेलं तर २५ पोरांच्या हातात, त्यांच्या फोनमध्ये नसलं तरी डोक्यात, पुढचा पेपर आला. आणि पेपर अख्ख्या राज्याला एकच असतो, त्यामुळे एका वर्गात कापलेल्या पाकिटामुळे सगळ्या राज्याचा पेपर बदलायची वेळ येते. एकापेक्षा जास्त सेट का काढून ठेवतात ते आता कळलं असेल. म्हणून म्हटलं की कस्टडीतली काळजी चोरापेक्षा लावण्याची जास्त.

आता तुमच्या लेकीने पुढच्या पेपरला काय बघायचं. पहिलं म्हणजे पाकिटावरचा विषय, कोड, तारीख आणि वेळ हे स्वतःच्या हॉल तिकिटाशी ताडून बघायचं, पाठ असलं तरी तिकीट हातात घेऊनच. मुंबईत एका सेंटरवर तीन-चार माध्यमं सहज असतात, मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू, गुजराती, त्यामुळे माध्यमावर पण नजर टाकायची. वर्गात दोन कोडची किंवा दोन माध्यमांची पोरं मिसळलेली असतील तर तिथे एकापेक्षा जास्त पाकिटं येणार, प्रत्येक पाकिटाची सही वेगळी.

दुसरं, सील. लोक फक्त तोंड बघतात, जिथे मोठ्ठं सील किंवा पट्टी असते तिथे. ज्याला उघडायचंय तो तिथे कशाला हात लावेल? तो खालची घडी किंवा बाजूची शिवण बघतो. आमच्या सुरुवातीच्या काळात कापडी अस्तराची पाकिटं आणि लाखेचं सील असायचं, तेव्हा जुन्या मास्तरांनी शिकवलं होतं की पाकीट पालथं करून खालची कड अंगठ्याने दाबत न्यायची, कुठे गोंद ओला, जास्त चकाकता किंवा दुहेरी लागलेला वाटतो का बघायचं. प्लास्टिकचं पाकीट असेल तर चारही कडा बोटाने फिरवायच्या, मशीनने जोडलेली कड सरळ आणि सगळीकडे सारखी असते, इस्त्री किंवा गरम पट्टीने परत जोडली की ती लाटेसारखी होते आणि तिथे प्लास्टिक किंचित आकसतं. काही पाकिटांच्या पट्टीवर सोलल्यावर "व्हॉइड" अशी अक्षरं उमटतात, ती दिसली तर बोलायचं. पण आतून एखादा पेपर डोकावतोय म्हणजे फुटलाच असंही नाही, गठ्ठ्यात दाबून येताना कोपरे फाटतात, माझ्याकडेच दोनदा आलंय. फाटलेलं असलं की कापायच्या आधी सुपरवायझरला तसं पाकिटावर लिहायला सांगायचं, मग सही.

२०२४ च्या नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेचं उदाहरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. झारखंडात हजारीबागला पेटीच उघडून पेपरचे फोटो काढून पेटी परत बंद केली असं सीबीआयच्या तपासात आलं. म्हणजे कुलूप जागच्या जागी दिसतंय आणि तरी आतला माल बघून झालाय. त्याच परीक्षेत दोन सेट दोन वेगळ्या बँकांत ठेवले होते आणि काही सेंटरवर चुकीच्या बँकेतला सेट वाटला गेला, हरियाणात झज्जरला त्याचा केवढा तमाशा झाला. एकीकडे मुद्दाम केलेलं, दुसरीकडे निव्वळ गोंधळ. वर्गात पाकीट वर धरून दाखवलं तर या दोन्हींपैकी दुसरं पकडलं जातं, पहिलं पकडलं जाईलच असं नाही. हाताने सफाईदार परत बंद केलेलं पाकीट सतरा वर्षांच्या पोरीने पाच सेकंदांत ओळखावं ही अपेक्षाच चूक आहे, आणि बोर्डही तशी ठेवत नाही.

तिसरं म्हणजे क्रम. आधी बघायचं, मग सही, मग कापायचं. पाकीट कापून झालंय, पेपर वाटून झालेत आणि मग सुपरवायझर फेरी मारत "जरा इथे सही कर" म्हणतात, हे मी स्वतः बघितलंय. त्यांच्या मनात पाप नसतं, घाई असते, अकराची घंटा झालेली असते आणि पोरं हात वर करून बसलेली असतात. पण मग त्या सहीला काही अर्थ राहत नाही, कारण पोराने बंद पाकीट बघितलेलंच नसतं. एका सेंटरवर तर, नाव नको, सगळ्या सह्या एकाच पेनने एकाच वळणाच्या होत्या, सुपरवायझरने ऑफिसमध्येच टाकून आणल्या होत्या. तपासायला आलेल्या बाईंनी पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि काही न बोलता चष्मा काढून पुसला. त्या माणसाला पुढे परीक्षेच्या कामावर कधी घेतलं नाही. तर उघडं पाकीट पुढे आलं तर लेकीने नम्रपणे म्हणायचं, मॅडम मी बंद असताना बघितलं नाही. एवढंच. भांडण नको, पेपर चालू आहे तिचा. सुपरवायझर दुसऱ्या कोणाची सही घेतील किंवा शेरा लिहितील, त्यांचं ते बघतील. सही नाकारली म्हणून पोराचं काही बिघडत नाही.

पाकीट कापल्यानंतरचं थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं अकरा वाजले की संपलं. माझ्या त्या गणिताच्या दिवशी ४० चे चार आणि ८८ चे दोन गैरहजर होते. म्हणजे २०५ पेपर पोरांकडे आणि २० शिल्लक, त्यातले १६ एकट्या ८८ चे कारण शेवटच्या ब्लॉकला ११ पोरांसाठी पण २५ चंच पाकीट. हे शिल्लक पेपर सुपरवायझरच्या टेबलावर पडून राहिले की शिपायाच्या हातात जातात, शिपायाच्या हातातून गेटवर, आणि गेटबाहेर गाईड घेऊन उभे असलेले काका असतातच. म्हणून अर्ध्या तासाच्या आत ब्लॉकनिहाय शिल्लक गोळा करायची, २०५ अधिक २० बरोबर २२५ जमतंय का बघायचं, आणि शिल्लक परत बंद करून सही करून ठेवायची. एक जरी कमी भरला तर आधी गैरहजरांची यादी परत मोजायची, दहातल्या नऊ वेळा तिथेच सापडतो, एखाद्या सुपरवायझरने उशिरा आलेल्या पोराला हजर मांडलेलं नसतं. तिथे नाही सापडला तर मग मात्र वर्गावर्गात जायचं.

कापलेलं पाकीट पण फेकत नाहीत. तुमच्या लेकीची सही असलेला तो रिकामा लिफाफा, ब्लॉकचा रिपोर्ट, गैरहजरांची यादी हे सगळं सेंटरच्या रेकॉर्डला जातं. आणि तिला बोलावतील का, तर माझ्या सगळ्या वर्षांत सही केलेल्या पोराला बोलावलेलं मी एकदाही बघितलं नाही. समजा कधी त्या सेंटरवरची तक्रार आलीच, तर आधी रनरचा व्हिडिओ, मग कस्टडीचं रजिस्टर, मग केंद्रसंचालक आणि सुपरवायझर, आणि त्यानंतर कुठे पोरांचा नंबर लागतो, तोही साक्षीदार म्हणून. विचारतील एवढंच की पाकीट बंद होतं का आणि तुझ्यासमोर कापलं का. पहिल्या पेपरला तिने नीट बघितलं नाही तर तिने तेच सांगावं, सही माझी आहे, पाकीट वर धरलेलं बघितलं, कोड वाचला नाही. १९८२ चा परीक्षेतल्या गैरप्रकारांचा जो कायदा आहे तो पेपर फोडणाऱ्यांसाठी आहे, घाबरून सही करणाऱ्या पोरीसाठी नाही.

एक विचाराल म्हणून सांगून टाकते, युनिव्हर्सिटीला गेली की हे पाकीट-बिकीट दिसणार नाही. मुंबई युनिव्हर्सिटीचे पेपर कॉलेजला ऑनलाइन येतात, पासवर्ड टाकून डाउनलोड करायचे आणि कॉलेजमध्येच छापायचे. तिथे रनर आणि रिक्षा गेली पण झेरॉक्सचं मशीन आलं, आणि ते ऐन वेळी पेपर गिळतं. ती वेगळी कथा आहे.

तिचा पुढचा पेपर कुठला आहे? दोन विषयांचे कोड एकाच दिवशी असतील तर हॉल तिकिटावर तिच्या कोडखाली पेन्सिलने रेघ मारून द्या, शाईने नको, हॉल तिकिटावर शाईने काही लिहिलेलं दिसलं की सुपरवायझर उगाच चौकशी करत बसतात.